कोटाच्या कॉलरवरचा डाग

लेसन प्लॅन चांगला झाला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कुणाला वाटेल, बाईंनी घाईघाईत काहीतरी खरडलं असेल. तसं नाही. मी तनुजा, पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात पत्रकारितेच्या मुलांना शिकवते. माझ्या तोंडाबद्दल स्टाफरूममध्ये बरंच बोललं जातं, पण तयारी न करता वर्गात जाते असं अजून कुणी म्हणालेलं नाही.

दिवाळीनंतर आमच्या कॉलेजातल्या एका मुलीचा फोटो मोबाईलवरून फिरला. गॅदरिंगचा साधा फोटो होता. कुणीतरी तिच्या अंगावरचे कपडे बदलून टाकले होते. काय बदललं ते मी सांगत बसत नाही, कळायचं त्याला कळलं असेल. तक्रार झाली, चौकशी लागली, ती पोर मात्र कॉलेजला यायची बंद झाली ती झालीच. मग आमच्या प्राचार्यांना, श्रीधर सरांना, जाग आली. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडम, माध्यम साक्षरतेच्या तासाला हा विषय घ्या. कपडे कसे बदलतात, कसं ओळखायचं, वगैरे. पण जरा सभ्यपणे."

"असभ्यपणे कसं घेतात ते मला ठाऊक नाही, सर," मी म्हणाले आणि कामाला लागले.

पहिला नियम मी ठळक अक्षरात लिहिला: वर्गात दुसऱ्या कुणाच्या फोटोला हात लावायचा नाही. म्हणून नमुन्याला माझाच फोटो घेतला, पिवळ्या कॉटनच्या कुर्त्यातला. वर्गात पडद्यावर सगळ्यांसमोर मी कुर्त्यावरून माऊस फिरवून तेवढा भाग निवडला, खाली लिहिलं 'पोलिसांचा खाकी गणवेश', आणि थोड्याच वेळात पडद्यावर मी इन्स्पेक्टर झाले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, हेच ओरिजिनल वाटतंय!" मी म्हटलं, गप बस, आत टाकीन.

"आता नीट ऐका," मी म्हणाले. "कुर्त्याच्या जागी या एआय सॉफ्टवेअरनं गणवेश चढवला. म्हणजे काय केलं? निवडलेला भाग पुसून टाकला. आजूबाजूचा गळा, हात, उजेड बघितला. मी काय लिहिलंय ते वाचलं. आणि लाखो फोटो बघून लागलेल्या सवयीनं तिथं काहीतरी रंगवलं. खाली काय होतं हे त्याला माहीत नाही. कुठल्याच सॉफ्टवेअरला माहीत नसतं. जे झाकलंय ते हे उघडून दाखवत नाही, हा सगळा अंदाज असतो. त्या मुलीच्या फोटोतही तिचं काही दिसत नव्हतं. दिसत होता तो मशीनचा अंदाज आणि ते करणाऱ्याची लायकी."

शिट्ट्या मारणारी पोरंही वहीत लिहून घ्यायला लागली. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

दुसरा भाग ओळखण्याचा. जिथं कपडा संपतो आणि अंग सुरू होतं तिथं आधी बघायचं, कारण फसगत काठावर होते. खांद्यावर आलेले केस मध्येच तुटतात, गळ्यातली साखळी कॉलरखाली जाते ती बाहेरच येत नाही, बटणाला काज नसतं. चौकडी कापडाला चुणी पडली तर चौकडीही वाकायला हवी, ती सरळच राहते. हनुवटीची सावली गळ्यावर पडते पण कॉलरवर पडत नाही. चेहऱ्यावर उजेड एका बाजूनं, कपड्यावर दुसऱ्या. आणि हे सगळं सांगून झाल्यावर मी बजावलं की या खुणा म्हणजे संशय, पुरावा नव्हे. चांगल्या एडिटमध्ये यातलं काहीच सापडत नाही, आणि खऱ्या फोटोतही कधीकधी सगळं विचित्र दिसतं. पुरावा एकच, मूळ फोटो. तो शोधा.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. घोळ तिसऱ्या भागात होता, आणि तो भाग मला सगळ्यात जास्त आवडला होता. पोरांच्या हाती खुणांची यादी दिली की ती सुटतात, दिसेल त्या फोटोला खोटा म्हणतात. तो माज उतरवायला मी गृहपाठ दिला की प्रत्येकानं घरातला एक असा फोटो आणायचा, जो खरा आहे याबद्दल त्याला शंभर टक्के खात्री आहे. घरच्यांना विचारून आणायचा. वर्ग त्यावर खुणा शोधेल, सापडणार नाहीत, सापडल्या तरी खोट्या ठरतील, आणि सगळे शहाणे होतील. खात्रीचा फोटो! केवढी हौस होती मला त्या शब्दाची.

प्रज्ञेश हा माझा आवडता विद्यार्थी. आवडता म्हणजे तोंडावर कधी म्हटलं नाही, पण वही तपासताना त्याची शेवटी ठेवायची, चांगलं शेवटी वाचावं म्हणून. कात्रजला तलावाच्या मागच्या वस्तीत आईबरोबर राहायचा. वडील तो दीड वर्षाचा असताना गेले, काविळीनं. आई, मुक्ताबाई, दूध डेअरीत पॅकिंगला, पहाटेची शिफ्ट. तो त्या दिवशी भिंतीवरची फ्रेमच उतरवून, टॉवेलात गुंडाळून, पीएमटीच्या बसनं उभ्यानं घेऊन आला होता.

"अरे, मोबाईलवर फोटो काढून आणायचा ना," मी म्हणाले.

"भिंतीवर रोज दिसतो मॅडम, मोबाईलमध्ये कधी काढलाच नाही," तो म्हणाला. "आणि ओरिजिनल आणा म्हणालात तुम्ही."

फ्रेममध्ये त्याचे वडील, संभाजीराव. सावळा, हसरा माणूस, भांग एका बाजूला. निळा कोट, पांढरा शर्ट, लाल टाय. फ्रेमला वाळलेल्या हाराचा दोरा तसाच होता. प्रज्ञेशनं उभं राहून सांगितलं, "हे माझे बाबा. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते, पहाटे उठून वस्तीचे व्हॉल्व्ह सोडायचे. हा कोट त्यांनी काकाच्या लग्नात शिवून घेतला होता. आता मामाकडे गावाला आहे, मी प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला तोच घालणार आहे, जरा फिटिंग करून. आई फोटोवरचा हार नेहमी एका बाजूला सरकवते, कोट दिसावा म्हणून. माझा यांच्याबरोबर एकही फोटो नाही. पण हा खात्रीचा आहे."

मी फ्रेम कॅमेऱ्याखाली ठेवली, फोटो पडद्यावर मोठा दिसला. आणि मला पहिल्या नजरेत कळलं.

स्टुडिओवाले करतात तो प्रकार. चेहऱ्याखाली तयार कोट चिकटवायचा. पासपोर्टला, बायोडेटाला, आणि माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला. प्रत्येक गल्लीतल्या स्टुडिओत कोटांचा एक फोल्डर असतो, काळा, निळा, करडा. मी त्याच वेळी फ्रेम उचलायला हवी होती. 'चला, दुसरा कुणाचा?' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मला वाटलं, पोरांना कळणार नाही. आणि अगदी खरं बोलायचं तर, कळतंय का ते बघायचीही उत्सुकता होती. मास्तरकी फार वाईट असते हो.

पोरांना कळलं. निकिता म्हणाली, हनुवटीची सावली गळ्यावर आहे, शर्टावर नाही. सौरभ म्हणाला, उजेड चेहऱ्यावर उजवीकडून आहे, कोटावर डावीकडून. कुणी म्हणालं, चेहरा दाणेदार आणि कोट एकदम गुळगुळीत. मी "संशय, संशय, पुरावा नाही," म्हणत होते, पण माझा आवाज मलाच पोकळ वाटत होता. तेवढ्यात अपेक्षा उठली. अपेक्षा मांजरी गावाकडची, शेतीवाल्या घरातली, तोंडानं माझ्यापेक्षा फटकळ. तिनं मोबाईल वर धरला आणि ओरडली, "मॅडम, हा तर आमच्या आबांचा कोट हाय!"

तिचा खात्रीचा फोटो म्हणजे तिच्या आजोबांचा. आबांनी जन्मभर धोतराशिवाय काही नेसलं नव्हतं, ते ती स्वतःच हसत हसत सांगत होती. आम्ही दोन्ही फोटो शेजारी लावले. तोच निळा कोट, तोच लाल टाय, डाव्या खांद्याखाली तीच चुणी, त्याच जागी. एकावर एक ठेवले तर दोन माणसं आणि एक कोट. वर्ग हसून लोटपोट झाला. अपेक्षाचं हसणं सगळ्यात मोठं, पण ती आपल्या आबांना हसत होती. प्रज्ञेशला कुणी हसत नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. फक्त त्याला ते तसं ऐकू आलं नाही.

"आणि हे बघा," अपेक्षा म्हणाली आणि मार्कर घेऊन फ्रेमपाशी गेली. काचेवरच लिहायचं, फोटोवर नाही, हा नियम तिनं पाळला. कॉलरच्या वर, मानेपाशी, कातडीच्या रंगाचा एक छोटासा ओबडधोबड डाग होता, कॉलरच्या काठावर आलेला. तिनं त्याभोवती लाल गोल काढला, मोठ्या हौसेनं, दोनदा गिरवून, आणि बाजूला लिहिलं 'घाण काम'. "मान कॉलरवर सांडलीय मॅडम. स्टुडिओवाल्यानं नीट पुसलंच नाय."

"बरोबर," मी म्हणाले. "निष्काळजी एडिट अशीच काठावर पकडली जाते." आणि पुढच्या वर्षीच्या स्लाईडसाठी छान उदाहरण म्हणून मी मोबाईल काढून त्या फ्रेमचा फोटो घेतला. हे मी केलं. प्रज्ञेश समोर उभा असताना.

त्यानं काच रुमालानं पुसली, टॉवेल गुंडाळला, आणि तास संपायच्या आधी निघून गेला.

पुढे दोन-तीन दिवस तो आला नाही. मी आपली मनाला समजावत होते, होईल शांत, तरुण पोरगा आहे. मग एका सकाळी स्टाफरूमच्या दारात उभा. डोळे सुजलेले. मी बाहेर गेले तसा एका दमात बोलला. घरी जाऊन आईला विचारलं होतं, कोट खरा होता का नाही, एवढंच सांग. ती म्हणाली, बस, सांगते. तो म्हणाला, हो का नाही? ती म्हणाली, नाही. मग तो नको ते बोलला. बाप व्हॉल्व्हमन होता म्हणून लाज वाटत होती का, म्हणून कोट घातलास का, इतकं. ती पहाटे कामावर गेल्यावर त्यानं फ्रेममधून फोटो काढला, फाडला, आणि घंटागाडीत टाकून दिला.

"फाडलास?" मी म्हणाले.

"रागात, मॅडम. ती दुपारी घरी आली, रिकामी फ्रेम बघितली आणि काही बोललीच नाही. अजून बोलत नाही. जेवायला वाढते, बोलत नाही. रविवारी बाबांचा स्मृतिदिन आहे, घरी बुद्धवंदना असते, सगळे नातेवाईक येतात. मी तिला सांगितलंय, मॅडमकडे फोटो आहे, जसाच्या तसा आणून देतो." मग खाली बघून म्हणाला, "आहे ना मॅडम?"

होता. माझ्या मोबाईलमध्ये, लाल गोलासकट. म्हटलं, काळजी करू नकोस, मी करते. आणि मला चक्क हायसं वाटलं, कारण हे मला येत होतं. आपल्या हातून बिघडलेलं आपल्या हातानं नीट करायची संधी मिळाली की माणूस फार विचार करत नाही.

घरी बसून मी तो फोटो नीट केला. फार जीव ओतून केला, तेच तर दुःख आहे. काचेवरची चमक काढली. तिरका होता तो सरळ केला. हनुवटीची सावली शर्टावर आणली, कोटावरचा उजेड उजवीकडे फिरवला, कोटाला चेहऱ्यासारखे दाणे आणले. म्हटलं, पोरगा परत कधी बघेल तेव्हा त्याला खोट दिसू नये. आणि मानेपाशी तो लाल गोल निवडला, अक्षरं निवडली, आणि पुसून टाकायला सांगितलं. गोल गेला, त्याच्या आतला डागही गेला, मागे स्वच्छ मान आणि स्वच्छ कॉलर. पोरांची सगळी यादी मी एकेक करून खोटी ठरवली होती. लक्ष्मी रोडवरून चांगल्या कागदावर प्रिंट काढून आणला.

शनिवारी दुपारी मी स्वतः कात्रजला गेले. माफी मागायची होती आणि ती माणसानं घरी जाऊन मागावी, असं मला शिकवलेलं आहे. घर छोटं, लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि तिसऱ्या खिळ्यावर काही नाही. मुक्ताबाई पांढरी साडी इस्त्री करत होत्या, उद्यासाठी. मला बघून इस्त्री बंद केली, पदर सारखा केला.

"या मॅडम. बसा." प्रज्ञेश न सांगताच पाणी आणायला उठला.

"मुक्ताबाई, चूक माझी आहे," मी म्हणाले. "वर्गात ते व्हायला नको होतं. मी फोटो नीट करून आणलाय."

त्यांनी हात पुसून प्रिंट घेतला, खिडकीपाशी नेला. प्रज्ञेश पाण्याचा तांब्या हातात धरून आईच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्यांनी आधी चेहरा नाही बघितला. कोटही नाही. त्यांचं बोट थेट मानेपाशी, कॉलरच्या काठावर गेलं आणि तिथंच फिरत राहिलं.

"बोटं कुठं गेली?" त्या म्हणाल्या.

मला कळेना. "कसली बोटं?"

"ह्याची." त्यांनी प्रज्ञेशकडे मान हलवली. "इथं होती. चार."

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मुक्ताबाई रडल्या नाहीत. सांगत गेल्या, जणू कुणीतरी विचारेल म्हणून इतकी वर्षं थांबल्या होत्या. खडकवासल्याला गेले होते सगळे, धरणाच्या भिंतीपाशी. प्रज्ञेश वर्षाचा. दिरानं कुणाचा तरी कॅमेरा आणला होता. संभाजीरावांनी पोराला कडेवर घेतलं, भाजलेलं कणीस हातात, आणि पोरानं बापाची मान घट्ट धरली, कॉलरपाशी, पाण्याला घाबरून. तेवढा एकच फोटो बरा आला होता. सहा महिन्यांत ते गेले. फ्रेमसाठी तोच फोटो घेऊन त्या स्टुडिओत गेल्या.

"स्टुडिओवाला म्हणाला, ताई, कडेवर पोरगं आहे, ह्याला हार घालणार का? मी म्हटलं, जित्या पोराच्या फोटोला हार कसा घालू? काढा त्याला. तो म्हणाला, काढला तर छातीचा सगळा भाग जातो, शर्ट राहत नाही. कोट लावावा लागेल. मी म्हटलं, लावा. मला काय, पोरगं हाराखाली येऊ नये एवढंच. मग त्यानं केलं. ह्याला पुसला सगळा. मानेवरची बोटं तेवढी राहिली होती. तो म्हणाला, थांबा, ती पण पुसतो. मी म्हटलं, नको. राहू द्या."

"आणि मूळ फोटो?" मी विचारलं. शेवटी माझ्या तोंडून तोच प्रश्न आला, लेसन प्लॅनमधला.

"त्याच्याकडंच राहिला. माझं चित्त थाऱ्यावर होतं का तेव्हा? परत गेले तर तिथं मोबाईलचं दुकान झालेलं."

प्रज्ञेश म्हणाला, "आई, मला का नाही सांगितलंस?" आवाज अगदी बारीक.

"लहान होतास. विचारलंस, बाबांचा कोट कुठंय? काय सांगू, तुला पुसला त्या जागेवर घातलाय म्हणून? म्हटलं, मामाकडं आहे. मग तू शाळेत सांगितलंस, मित्रांना सांगितलंस. तुझी एवढी हौस बघून मागं घेता येईना." त्यांनी पदरानं प्रिंटवरची नसलेली धूळ पुसली. "हार मी तुझ्यासाठी सरकवायची. कोटासाठी नाही. बोटांवर फुलं येऊ नयेत म्हणून. आणि परवा तू कोटाचं विचारलंस. बोटांचं कुणी विचारलंच नाही."

मी मोबाईल काढला. वर्गातला फोटो उघडला, मोठा केला. तो डाग, तो 'मान सांडलीय' म्हणून आम्ही हसलो तो डाग, आता मला बोटंच दिसत होती. इतकी स्पष्ट, की आधी कशी दिसली नाहीत याची लाज वाटावी. पण चार नव्हती. अपेक्षानं दोनदा गिरवलेला लाल गोल वरच्या दोन बोटांवरून गेला होता. दोन उरली होती, गोलाच्या आत.

"मी परत काढून देते," मी घाईनं म्हणाले. "गोल काढते आणि दोन बोटं जोडून देते. चार होतील. अगदी तशीच."

मुक्ताबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "ती कुणाची असतील मग?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे उत्तर होतं. माझंच होतं ते, पहिल्या तासाचं, भर वर्गात सांगितलेलं. खाली काय होतं हे त्याला माहीत नाही. हा सगळा अंदाज असतो.

प्रज्ञेश आईच्या शेजारी येऊन बसला होता. त्यानं माझा मोबाईल हातात घेतला आणि ती दोन बोटं आणखी मोठी करून बघितली. मग आपला उजवा हात त्यानं स्वतःच्या मानेपाशी नेला, कॉलर धरली, सोडली. "माझा एक फोटो होता त्यांच्याबरोबर," तो म्हणाला. "रोज भिंतीवर होता." आणि मग तो रडला, मोठ्यानं, दार उघडं असताना. मुक्ताबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अबोला तिथं संपला, एवढं एक बरं झालं म्हणायचं. पण बरं झालं असं माझ्यानं म्हणवत नाही.

थोड्या वेळानं त्या मला म्हणाल्या, "हाच काढून आणा. हा मोबाईलमधला."

"गोलासकट?"

"गोलासकट."

कात्रज चौकात एक स्टुडिओ उघडा होता. तिथल्या मुलानं फोटो बघितला आणि म्हणाला, "मॅडम, हे लाल काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे." मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडले की शेजारचा रसवाला वळून बघायला लागला.

रविवारी वंदनेला मी गेले होते. मुक्ताबाईंनीच बोलावलं होतं. तिसऱ्या खिळ्यावर संभाजीराव हसत होते, काचेवरची चमक तशीच, थोडे तिरके, निळ्या उसन्या कोटात, आणि मानेपाशी लाल गोल. गोलाशेजारी अपेक्षाच्या अक्षरात 'घाण काम'. नातेवाईक बघत होते, कुणी विचारत नव्हतं. मी मुक्ताबाईंपाशी जाऊन हळूच म्हणाले, "निदान ती अक्षरं तरी काढून देते. बोटांना धक्का लागणार नाही, मी स्वतः करते, फार सावकाश."

त्या हार घालत होत्या. फुलं एका बाजूला सरकवली, गोल मोकळा केला, आणि वळून न बघताच म्हणाल्या, "नको मॅडम. आता कुणी हात लावू नका."